‘कारकुंडा’ आणि ‘घाटी’

प्रश्न: आमच्या फोर्टमधल्या कचेरीत एकाने दुसऱ्याला ‘कारकुंडा’ म्हटले, त्याने उलट ‘घाटी’ म्हणून सुनावले. कारकून हे पद आणि घाट हा भूगोल. मग यांची शिवी कशी झाली? आणि दोन्ही शब्द सारखेच वाईट मानावेत का?

दोन्हींची घडण वेगळी आहे, म्हणून आधी ‘कारकुंडा’ घेतो. मूळ ‘कारकून’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा अर्थ फक्त ‘काम करणारा’ एवढाच आहे. मराठेशाहीत दफ्तर सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती गावोगावचा वसूल, फौजेचा हिशेब आणि राजाची पत्रे असत, त्यामुळे हे काम हलके समजले जात नव्हते. चिटणीस, फडणीस, सबनीस ही सगळी लेखणीवाल्यांची पदे असून त्यांतला ‘नीस’ म्हणजे लिहिणारा. आज ती आडनावे म्हणून अभिमानाने लावली जातात. कुलकर्णी हेही गावचे दफ्तर ठेवणाऱ्याचे नाव. थोडक्यात, लेखणीचे जे पद वतन होऊन घराण्यात राहिले त्याचे आडनाव झाले आणि जे महिन्याच्या पगाराचे झाले त्याची शिवी झाली.

हा बदल इंग्रजी अमदानीतला दिसतो. सरकारी कचेऱ्यांत वरच्या जागा बहुतांशी गोऱ्यांच्या होत्या, आणि शिकलेल्या मराठी तरुणाला बहुधा खालच्या मेजावर बसून नकला कराव्या लागत. ‘खर्डेघाशी’ हा शब्द त्या कामाची कंटाळवाणी पुनरावृत्ती नेमकी पकडतो: खर्डा म्हणजे कच्चा मसुदा, आणि तो घासत बसणे. पुढे ‘हे शिक्षण नुसते कारकून तयार करते’ ही तक्रार रूढ झाली आणि ती मेकॉलेच्या नावाशी जोडली गेली. (त्याच्या 2 फेब्रुवारी 1835च्या टिपणात ब्रिटिश आणि रयत यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा वर्ग हवा, असे म्हटले आहे, ‘कारकून’ हा त्यावर नंतर चढवलेला शब्द आहे.) तक्रार शिक्षणपद्धतीबद्दल होती, पण तिचा मार बसला तो माणसाला. ‘कारकुनी वृत्ती’ म्हणताना बोलणारा कामाचे वर्णन करीत नसतो. या माणसाला स्वतःची बुद्धी नाही, असा निकाल तो देत असतो. याउलट ‘साहेबी’ हाही शब्द टोमणाच आहे, मात्र त्यात दोष तोऱ्याला दिला जातो, अकलेला नव्हे. वरच्या पदावरून केलेला टोमणा आणि खालच्या पदावरून केलेला टोमणा यांतला हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

‘कारकुंडा’त तुच्छता प्रत्ययानेच आणली आहे. भटाचा ‘भटुर्डा’, कुणब्याचा ‘कुणबट’, मास्तराचा ‘मास्तरडा’ ही रूपे त्याच कारखान्यातली. त्यात नपुंसकलिंगाची भर घालून ‘ते कारकुंडं’ म्हटले की माणूस आणखी लहान होतो. म्हणून या रूपाला निरुपद्रवी अर्थ उरतच नाही. ‘कारकून’ मात्र शुद्ध पदवाचक म्हणून सहज वापरता येतो, कारण महसूल खात्यात ‘अव्वल कारकून’ हे नाव पिढ्यानपिढ्या चालत आले होते. ‘लिपिक’ हा पर्याय कागदोपत्री रुळला असला तरी भांडताना कोणी ‘लिपिक कुठला!’ म्हणत नाही. जो शब्द तोंडी वापरात मुरलेला नाही, त्याची शिवीही होत नाही.

‘घाटी’ची गोष्ट वेगळी, कारण त्याच्या रूपात हिणकस काहीच नाही. मात्र तो शब्द एका ठरावीक जागी उभे राहून उच्चारलेला आहे. सह्याद्रीच्या खाली, कोकणपट्टीत किंवा मुंबईत राहणाऱ्यालाच घाटावरचा माणूस ‘घाटी’ दिसतो. कऱ्हाडचा माणूस स्वतःच्या गावी स्वतःची ओळख तशी करून देत नाही. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुणे-सातारा भागातून मुंबईस उतरणे सोपे झाले. तिकडून आलेल्यांपैकी अनेकांना गोदी, गिरण्या आणि बाजारपेठांत अंगमेहनतीचे काम मिळाले, आणि जागेचे नाव कामाला चिकटले. घाटी म्हणजे ओझी उचलणारा, रांगडे बोलणारा, शहराची रीत न कळणारा. नंतर मुंबईतल्या अमराठी मंडळींनी हाच शब्द सरसकट मराठी माणसावर लादला, आणि ज्या कोकणी घरांत सातारकराला ‘घाटी’ म्हणून हसत असत, त्याच घरांतली मुले शाळेत ‘घाटी’ ठरली. राजापूरच्या मुलाला घाटी म्हणण्यात भूगोल कुठे राहिला? या शब्दात भूगोल संपून वर्गभेद उरला आहे, याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही. अर्थात ‘घाटी मसाला’ किंवा ‘घाटी चटणी’ म्हणताना कोणी दुखावत नाही, जसे गावठी अंड्याला बाजारात जादा भाव मिळतो आणि ‘गावठी’ म्हटलेल्या माणसाला दाराबाहेर थांबवले जाते.

अशी शिवी पुसली जाऊ शकते का, हे पाहण्यासाठी याच घाटावरच्या मजुरांचे एक उदाहरण पुरेसे आहे. डोक्या-पाठीवर ओझे वाहणाऱ्याला मराठीत ‘हमाल’ आणि ‘माथाडी’ असे दोन शब्द आहेत. ‘हमाल’ हा अरबीतून आला असून त्याचा अर्थ ‘वाहून नेणारा’ एवढाच. तरीही ‘नुसती हमाली’ म्हणजे बिनडोक कष्ट, आणि ‘हमाल कुठला’ ही उघड शिवी. ‘माथाडी’चाही अर्थ तोच, माथ्यावर ओझे घेणारा. परंतु अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांची संघटना बांधली, 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, कामगारांची नोंदणी आणि मजुरी मंडळांमार्फत होऊ लागली, आणि तो शब्द युनियनच्या फलकावर गेला. त्या कायद्याच्या नावात ‘माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत; पण एकामागे संघटनेची ओळख उभी राहिली आणि दुसरा तसाच उघड्यावर राहिला. कामात काडीचा फरक नसताना मान बदलला, तेव्हा कमीपणा कामात मुळी नव्हताच.

तुमच्या कचेरीतल्या भांडणाबद्दल माझे मत असे की ‘घाटी’ हा वार अधिक खोल आहे. कारकुनाला बढती मिळू शकते, तो नोकरी सोडू शकतो. जन्मगाव बदलता येत नाही. याच कारणाने तिसऱ्या एका गटाबाबत सर्वांत जास्त सावध राहावे लागते, तो म्हणजे न्हावी, चांभार यांसारखे शब्द. आपल्याकडे ती कामांची नावे आहेत तशीच जातींचीही आहेत, म्हणून त्यांचा हिणवण्यासाठी वापर केला की माणसाच्या कामावर आणि जन्मावर एकाच दमात घाव पडतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला लोकांदेखत जातिवाचक शिवीगाळ करणे हा 1989च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. ‘चांभारचौकशी’ हा वाक्प्रचार बोलणाऱ्याच्या मनात बहुधा जात नसते, परंतु ऐकणाऱ्याला ती ऐकू येतेच. त्या जागी ‘नसत्या चौकशा’ म्हटले तर अर्थात काहीच उणे पडत नाही.