शनिवारची खरेदी, शुक्रवारचा कोबी

ठाण्याच्या गावदेवी मंडईतून संध्याकाळी घरी येताना त्या रात्रीपुरतीच मेथीची जुडी घेण्याची सवय आपल्या हाडीमाशी असते. परदेशात खरेदी आठवड्यातून एकदाच होते, स्वयंपाक मात्र रोजच्या मनाप्रमाणे ठरतो, आणि माझ्या मते भाजी वाया जाते ती याच तफावतीमुळे. लेकीकडे लंडनजवळ राहत असताना एका बुधवारी फ्रिजच्या खणात काळपट पडलेली कोथिंबीर, चिकट झालेली भेंडी आणि न फोडलेली पालकाची पिशवी सापडली. आठवडाभर सहज टिकला असता तो कोबी मात्र शनिवारीच संपवलेला होता.

मग आम्ही भाज्या टिकण्याच्या क्रमाने आठवडा लावला. शनिवारी पालक घालून डाळ, रविवारी मेथी, सोमवारी भेंडी, मंगळवारी फ्लॉवर आणि बुधवारी दुधी ठरला. गुरुवारी मटकीची उसळ ठेवली. तिकडच्या थंडीत मोड यायला वेळ लागत असल्याने मटकी मंगळवारी रात्रीच भिजत घालावी लागते. शुक्रवारी अर्ध्या कोबीची भाजी करायची आणि उरलेला अर्धा शनिवारी सकाळी थालीपिठात किसून घालायचा, म्हणजे नवी खरेदी येण्यापूर्वी खण रिकामा होतो.

यादी शुक्रवारी रात्री फ्रिज उघडा ठेवून, आत काय आहे ते पाहूनच करावी आणि तीत नुसते ‘भेंडी’ न लिहिता ‘भेंडी, अर्धा किलो, सोमवार’ असे लिहावे, कारण ज्या वस्तूपुढे वार लिहिता येत नाही ती बहुधा नकोच असते. आमच्या पहिल्याच यादीतून दुसरी पालकाची पिशवी आणि सवलतीतले मोठे दही अशाच रीतीने गळले. एकावर एक फुकट मिळणारी पालेभाजी चौघांच्या घरात क्वचितच स्वस्त पडते.

कोथिंबीर आणल्याबरोबर धुऊ नये. पिवळी पाने काढून टाकून जुडी कोरड्या कागदी रुमालात गुंडाळून डब्यात ठेवावी आणि कागद ओलसर झाला की बदलावा. भेंडीही कोरडीच ठेवावी, कारण ती ओलाव्याने चिकट होते.

ब्रिटनमधील वेष्टनांवर दोन प्रकारच्या तारखा असतात. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि दर्जाची तारीख असल्याने ती उलटलेले पोहे किंवा डाळ वास घेऊन, कीड पाहून वापरता येते. ‘यूज बाय’ ही मात्र सुरक्षिततेची असल्याने ती उलटलेले मासे किंवा चिकन चांगले दिसले तरी खाऊ नये. काटकसरीच्या भरात उरलेल्या भाताच्या बाबतीतही हयगय करू नका: तो लवकर निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशीच फोडणीला टाकावा आणि वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकूनच द्यावा, कारण त्यात तयार झालेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.