दुसरं जुनं कार्ड जोडून फायदा होतो काय?

प्रश्न: माझ्याकडे जीटीएक्स १०७० ग्राफिक्स कार्ड आहे. बेळगावात तसलंच जुनं कार्ड मिळतंय. दोन जोडली तर आताचे गेम पळतील काय?

उत्तर: घेऊ नका, दादा. जोडीतली कार्डं आळीपाळीने एकेक फ्रेम काढतात. आताचे बहुतेक गेम नवी फ्रेम काढताना मागच्या फ्रेमची माहिती वापरतात, म्हणून दुसरं कार्ड पहिल्याची वाट बघत राहतं. त्यात एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून तुमच्या पिढीच्या कार्डांना नवी एसएलआय प्रोफाइल, म्हणजे नव्या गेममध्ये जोडी चालवायची सेटिंग, देणं थांबवलंय. मेमरीही ८ अधिक ८ सोळा जीबी होत नाही, दोन्हीकडे तोच डेटा भरावा लागतो. खानापुरात माझ्या मावसभावाकडे अशीच जोडी होती. नवा गेम लावला की टास्क मॅनेजरमध्ये दुसरं कार्ड जवळजवळ शून्यावर दिसायचं. त्यापेक्षा आहे ते विका आणि त्यात भर घालून एकच दमदार कार्ड घ्या.