नंबरिक्स: पाचच आकडे दिलेत, रस्ता कसा ठरवायचा?

प्रश्न: १ ते २५ सलग जोडायचे आहेत, फक्त आडवं-उभं जायचं, तिरकं नाही. पाचच आकडे दिलेत. मी १ पासून सुरुवात करतो, सात-आठ आकडे भरतात आणि मग कोंडी होते. अंदाज न करता सुटतं का?

```
७  ·  ·  ·  ११
·  ·  ·  ·  ·
१  ·  ·  ·  १५
·  ·  ·  ·  ·
·  ·  ·  ·  २५
```

उत्तर: सुटतं, एकदाही न खोडता. फक्त १ पासून सुरुवात करू नका. जिथे रस्त्याला हलायला जागाच नाही तिथून करा.

ती जागा शोधायला लागोपाठचे दोन दिलेले आकडे घ्या. त्यांच्यातला फरक म्हणजे हातात असलेली पावलं. आडवी आणि उभी घरं मोजून येतं ते कमीत कमी अंतर. पावलांतून अंतर वजा केलं की उरते ती ढील, पतंगाच्या मांजाला देतो तशी. मी ती पेन्सिलीने चौकटीच्या कडेला लिहून ठेवतो. तुमच्या कोड्यात ७ ते ११ ला चार पावलं आणि अंतरही चार, म्हणजे ढील शून्य. ११ ते १५ ला ढील दोन, १ ते ७ ला चार आणि १५ ते २५ ला आठ. याच क्रमाने जायचं.

७ आणि ११ एकाच ओळीत आहेत आणि ढील शून्य, त्यामुळे ८, ९, १० सरळ वरच्या ओळीत बसतात. आता ११ च्या डावीकडे १० आला, म्हणून १२ त्याच्या खालीच. १२ च्या खाली १५ आहे, वर ११, म्हणून १३ डावीकडे वळतो. १४ ला १३ आणि १५ या दोघांनाही चिकटायचंय, तसं एकच मोकळं घर आहे: १५ च्या डावीकडचं. ढील दोन होती, ती या एका वळणात संपली.

७ च्या उजवीकडे ८ आहे, म्हणून ६ त्याच्या खाली. ६ च्या खाली १ आहे, म्हणून ५ त्याच्या उजवीकडे. इथे बहुतेक जण अडकतात, कारण ४ ला दोन घरं दिसतात: ५ च्या खाली किंवा ५ च्या उजवीकडे. आता आकड्याकडे बघणं सोडा आणि घराकडे बघा. दुसऱ्या ओळीतलं मधलं घर, म्हणजे ९ च्या खालचं, ५ आणि १३ च्या मध्ये आहे. १ आणि २५ दिलेले असल्यामुळे रस्त्याची दोन्ही टोकं ठरलेली आहेत, त्यामुळे बाकी प्रत्येक घराला एक आत यायची आणि एक बाहेर जायची वाट हवी. ४ खाली टाकला तर या घराला फक्त खालून वाट उरते, म्हणजे आत गेलेला रस्ता बाहेर येऊच शकत नाही. म्हणून ४ तिथेच, ३ त्याच्या खाली, आणि १ व ३ च्या मधल्या घरात २.

उरल्या खालच्या दोन ओळी. १५ च्या खाली १६, आणि त्याच्या खाली २५ असल्यामुळे १७ डावीकडे. २५ च्या वर १६ आला, म्हणजे २४ ला त्याच्या डावीकडचं घर राखूनच ठेवावं लागतं. म्हणून १७ वरून रस्ता खाली उतरू शकत नाही, १८ ही डावीकडेच. हाच तर्क एकेक घर डावीकडे सरकवत न्या.

```
७   ८   ९   १०  ११
६   ५   ४   १३  १२
१   २   ३   १४  १५
२०  १९  १८  १७  १६
२१  २२  २३  २४  २५
```

या प्रकारात ढील नेहमी सम येते. बुद्धिबळाच्या पटासारखे रंग मनात आणा: प्रत्येक पावलाला रंग बदलतो, म्हणून सगळे विषम आकडे एका रंगावर आणि सम दुसऱ्या रंगावर. ढील विषम आली तर आधी स्वतःची मोजणी तपासा. ती बरोबर असेल तर कोडंच चुकीचं छापलंय. एका पुरवणीतल्या अशाच कोड्यावर मी अख्खी संध्याकाळ घालवली होती. १४ आणि २१ एकाच ओळीत चार घरांवर होते, सात पावलांत तिथे पोचणं शक्यच नव्हतं.

आणखी एक, कारण पुढे तुम्ही हिडाटोकडे वळालच. इस्रायलच्या ग्योरा बेनेडेक यांच्या त्या कोड्यात तिरकंही जाता येतं, आणि तिथे रंगांचा हा नियम चालत नाही. अंतरही वेगळं मोजायचं: आडव्या आणि उभ्यापैकी जे मोठं तेवढंच. ढील शून्य म्हणजे रस्ता सरळ, हेही तिथे खरं नाही. हेच ७ आणि ११ हिडाटोत असते, तर प्रत्येक पाऊल उजवीकडे टाकता टाकता ओळ बदलता आली असती: ८ ला दोन घरं, ९ ला तीन, १० ला दोन. मिळून नऊ रस्ते. तिथे नेमक्या तिरक्या रेषेत असलेली जोडी शोधा, ढील शून्य असेल तर फक्त तीच एका झटक्यात भरते.