चिठ्ठीवर भावनेचं नाव नको, प्रसंग लिहा

प्रश्न: मुलगा ८ वर्षांचा आहे. काहीही विचारलं तरी ‘काही नाही’ म्हणतो, आणि समोरचा वैतागलाय हे त्याच्या लक्षातच येत नाही. कुणीतरी मूकाभिनय आणि दमशेराज सुचवलं. चिठ्ठ्यांवर राग, आनंद, भीती असं लिहून घरी खेळलो. आता खेळात तो सगळं पटापट ओळखतो, पण एरवी काडीचाही फरक नाही. आमचं काय राहून जातंय?

मी बरीच वर्षं मुलांच्या नाट्यवर्गात हेच खेळ घेत आले आहे. चिठ्ठीवर ‘राग’ लिहिलं की मूल काय करतं ते आठवून पाहा. कंबरेवर हात, आठ्या, पाय आपटणं. ‘दुःख’ म्हटलं की डोळ्यांवर मुठी चोळणं. या ठरलेल्या खुणा आहेत. चार-पाच खुणा पाठ झाल्या की खेळ जिंकता येतो आणि तुमच्या मुलाने तेवढंच केलं आहे. खरं वैतागलेलं माणूस कंबरेवर हात ठेवून उभं राहत नाही. ते उत्तर तुटक देतं, मान वळवतं, हातातली वस्तू नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवतं. नेमकं हेच तुमच्या खेळात एकदाही आलेलं नाही.

म्हणून पहिला बदल चिठ्ठीत करा. सगळ्यांना एकच साधी कृती द्या, म्हणजे कृती ओळखण्यात वेळ जाणार नाही. माझी आवडती कृती म्हणजे दार उघडून आत येणं, दप्तर खाली ठेवणं आणि खुर्चीवर बसणं. चिठ्ठीवर फक्त प्रसंग लिहायचा. ‘उद्या सहल आहे.’ ‘जवळच्या मित्राने आज खेळायला घेतलं नाही.’ ‘तुझ्या हातून काहीतरी फुटलंय आणि घरात अजून कुणाला माहीत नाही.’ ‘दिवसभर पळून पळून पाय दुखतायत.’ भावनेचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. नाट्यशास्त्रातही भावनेचं कारण म्हणजे विभाव आधी आणि अंगावर उमटणारा अनुभाव त्यामागून, असाच क्रम आहे. मुलाला कारण दिलं की शरीर आपोआप काहीतरी करतं. नाव दिलं की ते खूण शोधत बसतं.

लहान मुलांच्या बाबतीत याला आणखी एक आधार आहे. शेरी वायडेन आणि जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून दिसतं की मुलं भावनांचे चेहरे एकदम वेगवेगळे ओळखायला लागत नाहीत. आधी ढोबळ गट असतात, मग हळूहळू फाटे फुटतात. किळस आल्याचा चेहरा कितीतरी मुलं, शाळेत जायला लागल्यावरसुद्धा, राग म्हणूनच सांगतात. तीच भावना गोष्टीतून सांगितली तर मात्र त्यांना ती पुष्कळदा बरोबर कळते. तेव्हा ‘चेहरा बघ आणि नाव सांग’ हा वाटतो त्यापेक्षा कठीण प्रश्न आहे, आणि प्रसंगातून गेलेलं मुलांना सोपं पडतं.

दुसरा बदल ओळखणाऱ्यासाठी आहे आणि माझ्या मते खेळाचा सगळा जीव त्यातच आहे. ओळखणाऱ्याने आधी ‘मला काय दिसलं’ ते सांगायचं, मगच ‘मला काय वाटलं’. ‘तिने दप्तर रागाने ठेवलं’ हे दिसलेलं नव्हे. ‘दप्तर धाडकन ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही’ हे दिसलेलं. सुरुवातीला मुलं अडखळतात, कारण ती थेट निष्कर्षावर उडी मारतात. तेव्हा चार प्रश्न हाताशी ठेवा: हालचाल भरभर होती की सावकाश? जोर किती होता? नजर कुठे होती? श्वास कसा चालला होता? रुडॉल्फ लाबान या नृत्यतज्ज्ञाने हालचालीकडे पाहताना वेळ, वजन, जागा आणि ओघ असे घटक वेगळे काढले होते. मुलांसाठी त्यातले वेग आणि जोर घ्यायचे, आणि नजर व श्वास आपण जोडायचे.

एक प्रसंग सविस्तर सांगते. एका मुलीला ‘काहीतरी फुटलंय’ ही चिठ्ठी आली. ती सावकाश आत आली, दप्तर दोन्ही हातांनी अलगद टेकवलं, खुर्चीच्या कडेवर बसली आणि एकदा दाराकडे पाहिलं. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, ‘दमलीये!’ मी विचारलं, काय पाहून? ‘हळू आली.’ बरोबर, हळू आली होती. मग त्याच मुलांसमोर दुसऱ्याला ‘पाय दुखतायत’ची चिठ्ठी दिली. तोही हळूच आला, पण दप्तर खांद्यावरून घरंगळत खाली गेलं, तो खुर्चीत मागे रेलला आणि मोठा उसासा टाकला. आता दोघांना पाठोपाठ पुन्हा करायला लावलं. एक मुलगा म्हणाला, ‘हा सैल आहे. ती सैल नाही, ती आवाज होऊ नये म्हणून हळू आहे.’ दुसऱ्या एका मुलीच्या लक्षात आलं की करणारी मुलगी खुर्चीवर पूर्ण टेकलीच नव्हती, उठायच्या तयारीत होती. वेग दोघांचा एकच, पण दमलेल्याचं अंग सुटलेलं आणि घाबरलेल्याचं आवळलेलं, श्वाससुद्धा धरलेला. हा फरक त्यांनी स्वतः शोधला, आणि तो सापडला चुकीच्या उत्तरामुळे. पहिल्याच झटक्यात ‘घाबरलीये’ असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही पुढच्या चिठ्ठीकडे गेलो असतो.

म्हणूनच गुण आणि घड्याळ दोन्ही बंद करा. लवकर ओळखणाऱ्याला गुण मिळाले की करणारा सर्वांत ढोबळ खूण निवडतो, कारण तीच लवकर पोचते, आणि आपण पुन्हा कंबरेवरच्या हातांपाशी येतो. गुणांशिवाय मुलं कंटाळत असतील तर दिसलेल्या प्रत्येक बारकाव्याला एक गुण द्या, मग अंदाज चुकला तरी चालेल. करणारा फारच भडक करत असेल तर ‘आता हेच दहातलं तीन एवढंच कर’ म्हणा. दहातलं तीन हे प्रमाण माणसं एरवी जसं वागतात त्याच्या बरंच जवळ जातं. खेळ खुणांकडे घसरतोय हे सहज कळतं: उत्तर दोन सेकंदांत येतं आणि ‘काय पाहून?’ विचारल्यावर मूल चेहऱ्याशिवाय काहीच सांगू शकत नाही.

चेहऱ्यावरचा हा भर कमी करण्यासाठी तीच कृती अधूनमधून प्रेक्षकांकडे पाठ करून करायला लावा. मुखवटे मी टाळते, लहानग्यांना त्यांची भीती वाटते. हिलेल अवीझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात टेनिस खेळाडूंचे गुण जिंकल्यानंतरचे आणि गमावल्यानंतरचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा पाहून लोकांना जिंकणारा आणि हरणारा वेगळा सांगता आला नाही, नुसतं शरीर पाहून सांगता आला. भावना फार तीव्र असते तेव्हा चेहरे एकमेकांसारखेच ताणले जातात. मुलांना खांदे, हात आणि पावलं वाचायला शिकवणं म्हणून फार कामाचं आहे.

आता ‘काही नाही’बद्दल. इथे मुलाला अभिनय करायला लावू नका, त्याला दिग्दर्शक करा. तुम्ही चिठ्ठी उचला, समजा ‘मित्राने खेळायला घेतलं नाही’ ही, आणि थोडं चुकीचं करा. मोठ्याने हुंदके द्या. तो बहुतेक लगेच म्हणेल, ‘असं नाही काही.’ मग कसं? ‘रडायचं नाही. गप्प बसायचं. बुटाच्या नाडीशी खेळायचं.’ तुम्ही तसं करा आणि विचारा, आता बरोबर? तो आणखी दुरुस्त करेल. स्वतःबद्दल एक शब्दही न बोलणारं मूल दुसऱ्याच्या नावाने इतकं तपशीलवार सांगतं, की पाहताना माझा घसा दाटून येतो. त्या क्षणी ‘तुझ्याबरोबर असं झालं होतं का रे?’ हे मात्र विचारू नका. विचारलंत की दार बंद, आणि पुढच्या वेळी तो दिग्दर्शनही करणार नाही. त्याच दिवशीच्या भांडणाची चिठ्ठीही करू नका. प्रसंग जुना किंवा दुसऱ्या कुणाचा असू द्या.

हे जमायला लागलं की ८ वर्षांच्या मुलाला आणखी एक पायरी चढता येते: आत एक, वर दुसरं. ‘भेट आवडली नाही, पण देणारा समोर आहे.’ मनातलं आणि दाखवलेलं वेगळं असू शकतं हे साधारण सहाव्या वर्षापासून मुलांना कळायला लागतं, त्यामुळे याहून लहान भावंड खेळात असेल तर त्याला या चिठ्ठ्या देऊ नका. त्याला आरशाचा खेळ पुरे, समोरच्याची हालचाल जशीच्या तशी करायची. मोठ्या मुलाने मात्र हसू कुठे फसलं ते शोधायचं. ओठ हसले पण डोळ्यांखालचा भाग हलला नाही, हसू एकदम आलं आणि एकदम गेलं, भेट हातात घेतली पण अंगापासून लांब धरली.

एवढं सगळं शिकवताना एक धोका मला सतत टोचतो. मुलांना वाटायला लागतं की अंग वाचलं म्हणजे मन कळलं. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चेहऱ्यांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. माणसं रागात दर वेळी आठ्या घालत नाहीत आणि आठ्या घातलेला माणूस दर वेळी रागावलेला नसतो, हे त्यात नीट मांडलं आहे. कुणी नुसतं लक्ष देऊन ऐकतानाही कपाळाला आठ्या घालतं. म्हणून खेळात शेवटचं वाक्य नेहमी करणाऱ्याला उद्देशून आणि प्रश्नाच्या रूपात घ्या, दोन शक्यता ठेवून: ‘तू चिडलायस, की दमलायस?’ खरं काय ते करणाराच सांगेल आणि त्याचं म्हणणं अखेरचं.

काही मुलांना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणंच त्रासाचं असतं, विशेषतः स्वमग्न मुलांना. नजरेचा प्रश्न त्यांच्यासाठी गाळा, हात आणि पावलं पुरतात, आणि मध्येच उठून जायची मुभा ठेवा. तुमच्या मुलाला संभाषण, कल्पनेचे खेळ, मैत्री या सगळ्यातच अडचण येत असेल तर बालविकासतज्ज्ञांना दाखवा, खेळ त्यांच्या सल्ल्याबरोबर चालू राहू शकतो. आधी बोलका असलेला मुलगा अलीकडेच अचानक गप्प झाला असेल, तर चिठ्ठ्या बाजूला ठेवून शाळेत काय घडतंय ते आधी पाहा.

सुरुवातीला वरच्या चारच चिठ्ठ्या घ्या, घरातल्या मोठ्यांनाही खेळायला बसवा आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबा. फरक पडतोय का ते खेळात बघू नका. एरवी बोलताना तो ‘ताई चिडलीये’च्या ऐवजी ‘ताईने दार जोरात लावलं, चिडली असेल का?’ असं म्हणायला लागला, की चिठ्ठ्यांमध्ये नवे प्रसंग घालायला हरकत नाही. ते प्रसंग त्यालाच लिहायला सांगा.