वाहतूक समस्येच्या द्वैतातील किमती

वाहतूक समस्या म्हणजे पुरवठ्याच्या ठिकाणांहून मागणीच्या ठिकाणी कमीत कमी भाड्यात माल पोचवणे. तिच्या द्वैतात, म्हणजे तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गणितात, पुरवठ्याच्या प्रत्येक ठिकाणाला u आणि मागणीच्या प्रत्येक ठिकाणाला v ही संख्या मिळते. या u आणि v यांना किंमत का म्हणतात?

समजा, मंचरला 30 आणि चाकणला 20 क्विंटल कांदा आहे. गुलटेकडी व पिंपरीला प्रत्येकी 25 हवा. क्विंटलमागे भाडे मंचरहून अनुक्रमे 60 व 50, चाकणहून 40 व 20 रुपये धरू. इष्टतम योजनेत चाकणचा सगळा माल पिंपरीला जातो, उरलेली मागणी मंचर भागवते.

माल जातो त्या मार्गावर u+v=भाडे; मंचरचा u शून्य मानल्यास v 60 व 50, चाकणचा u −30 येतो. u चे चिन्ह उलटले की त्या ठिकाणचा भाव मिळतो: चाकणचा कांदा जागेवरच 30 रुपयांनी अधिक मोलाचा आहे. चाकण–गुलटेकडी भावफरक 30, भाडे 40, म्हणून तो मार्ग रिकामा. मंचरचा शून्य आपणच मानलेला, म्हणून किमतींतील फरकच अर्थपूर्ण असतो. मंचरऐवजी चाकणला माल असता तर क्विंटलमागे 30 वाचतात, पण पिंपरीच्या उरलेल्या 5 क्विंटलपर्यंतच, पुढे गुलटेकडीसाठी 20 रुपये.