सासऱ्यांच्या अल्बममधलं रिकामं घर

प्रश्न: माझे सासरे बरीच वर्षं ‘पेनी ब्लॅक’ नावाची जुनी टपाल तिकिटं जमवतात. शंभरावर असतील, मला सगळी एकसारखीच दिसतात. वाढदिवसाला त्यांना एक घेऊन द्यायचं आहे, पण किंमत-बिंमत काही कळत नाही. फसवणूक न होता कसं घ्यायचं?

उत्तर: ती एकसारखी नाहीत. कुठल्याही तिकिटाचे खालचे दोन कोपरे भिंगातून बघा. प्रत्येक कोपऱ्यात एक-एक इंग्रजी अक्षर दिसेल. १८४० साली हे तिकीट निघालं तेव्हा एका मोठ्या कागदावर २४० तिकिटं छापली जायची, वीस आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा. डावीकडचं अक्षर ओळ सांगतं, ए पासून टी पर्यंत. उजवीकडचं त्या ओळीतली जागा, ए पासून एल पर्यंत. म्हणजे ‘के-सी’ हे अकराव्या ओळीतलं तिसरं तिकीट. नक्कल करणाऱ्याला एकच तिकीट कोरून भागू नये म्हणून ही अक्षरं घातली होती. पुढे संग्राहकांना त्यातून नाद लागला, एकेक तिकीट गोळा करून तो २४० चा कागद पुन्हा उभा करायचा. ज्यांच्याकडे शंभरावर आहेत ते बहुधा हेच करत असणार.

तेव्हा तुम्ही शोधायचं आहे ते ‘किमती’ तिकीट नव्हे, त्यांच्याकडे नसलेलं तिकीट. पेनी ब्लॅक प्रसिद्ध आहे, पण दुर्मिळ नाही. सुमारे सहा कोटी ऐंशी लाख छापली होती. त्यांच्या अल्बमची पानं बघायला मिळाली तर रिकामी घरं आणि त्याखाली लिहिलेली अक्षरं टिपून घ्या, किंवा मोबाईलवर फोटो काढा. अल्बम हाती लागत नसेल तर ते नेहमी ज्या विक्रेत्याकडून घेतात त्याला गाठा. ‘काय हवंय’ याची यादी संग्राहक आपल्या विक्रेत्याकडे देऊनच ठेवतात. अक्षरं लिहून घेताना क्रम चुकवू नका. ‘के-सी’ आणि ‘सी-के’ ही दोन्ही खरी तिकिटं आहेत, जागा मात्र पूर्ण वेगळ्या. शिक्क्याखाली सी आणि जी, ई आणि एफ यांचीही गल्लत होते.

अजून एक गोष्ट तिथेच बघून ठेवा. पानाच्या वर ‘प्लेट’ असा शब्द आणि आकडा आहे का? हे तिकीट अकरा वेगवेगळ्या प्लेटींवरून छापलं गेलं. काही जण कुठल्याही प्लेटचं तिकीट घेऊन २४० घरं भरतात, काही जण एकाच प्लेटची. सासरे दुसऱ्या प्रकारातले असतील तर नुसती अक्षरं जुळून उपयोग नाही, प्लेटही तीच हवी. प्लेट ओळखायची म्हणजे ती अक्षरं चौकटीत नेमकी कुठे बसली आहेत हे ताडून बघावं लागतं. ते तुमचं-माझं काम नाही, विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आता किमतीबद्दल. इथे सगळा खेळ कडांचा आहे. या तिकिटाला दाते नव्हते. पोस्टातला माणूस कात्रीने कापून द्यायचा आणि दोन तिकिटांमधली मोकळी पट्टी अगदी चिंचोळी होती. चारही बाजूंना पांढरी कड शिल्लक राहिलेलं तिकीट म्हणूनच मोलाचं. एका बाजूची कात्री चित्रात घुसली की किंमत धाडकन खाली येते. कॅटलॉगमधला आकडा चांगल्या स्थितीतल्या तिकिटाचा असतो, त्यामुळे कापलेलं तिकीट दाखवून ‘कॅटलॉगच्या निम्म्याने देतो’ म्हणणारा सवलत देतोच आहे असं समजू नका. सासऱ्यांच्या पानावरची शेजारची तिकिटं बघा. सगळी चार कडांची असतील तर तीन कडांचं तिथे डोळ्यांत खुपेल. तीन कडांचीच असतील तर तेवढं पुरे, उगीच पैसे घालू नका.

या कडांपायीच मी एकदा ठेचकाळलो. मामांसाठी एक तिकीट घेतलं, हवी ती अक्षरं, लाल शिक्का, चारही बाजूंना ऐसपैस कड. मामांनी ते चिमट्याने उचललं, उलटं करून दिव्यासमोर धरलं आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. उजव्या कडेला, चित्राच्या रेषेला अगदी लागून, केसासारखी एक उभी रेघ होती. त्या रेघेपलीकडचा कागद किंचित वेगळ्या छटेचा होता. कड नंतर जोडलेली होती. समोरून बघताना ती रेघ चित्राच्या चौकटीत मिसळून गेली होती, म्हणून मला दिसलीच नाही. माझ्याकडे ना बिल होतं ना परत करायची बोली. ते तिकीट मामांनी अल्बममध्ये लावलं, पण खाली पेन्सिलीने ‘दुरुस्त केलेलं’ असं लिहून. मला ते फार लागलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

म्हणून तुम्ही मागची बाजू बघितल्याशिवाय घेऊ नका. ऑनलाइन असेल तर मागचा फोटो मागा. उजेडासमोर धरल्यावर कागदातच एक छोटा मुकुट दिसायला हवा, तो जलचिन्हाचा. मधेच एखादा भाग जास्त उजळ दिसला तर तिथला कागद सोललेला आहे, जुनं तिकीट पानावरून ओढून काढताना असं होतं. वरच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं नसून ताऱ्यासारखी नक्षी हवी. आणि भिंगातून चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं दिसलं तर ती आजच्या छपाईची प्रत आहे. अस्सल तिकीट कोरीव प्लेटचं, त्यातल्या रेघा सलग असतात.

एवढं बघूनही जोडलेली कड आपल्या नजरेतून सुटू शकते, हे मी अनुभवाने सांगतो. रक्कम तुम्हाला मोठी वाटत असेल तर तज्ज्ञांचं प्रमाणपत्र असलेलंच घ्या. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी अशी प्रमाणपत्रं देते. पण कागद आहे एवढ्यावर खूश होऊ नका, तो वाचा. ‘अस्सल’ या शब्दापुढे ‘दुरुस्त केलेलं’ किंवा ‘कागद पातळ झालेला’ असंही लिहिलेलं असू शकतं. प्रमाणपत्रावरचा फोटो हातातल्या तिकिटाशी पडताळा. शिक्क्याचा फटकारा कुठल्या अक्षराला कुठे छेदतो आणि कोणत्या कडेचा कोपरा तिरका आहे, या दोन खुणा जुळल्या की तिकीट तेच.

घरी आणल्यावर त्याला हात लावू नका. पाण्यात भिजवणं, पुसणं, मागचा जुना चिकटलेला कागद काढणं, यातलं काही करू नका. फ्रेम करून द्यायचा मोह होईल, तोही टाळा. आलं त्या पाकिटातच द्या. विक्रेत्याकडून बिलावर अक्षरं, प्लेट आणि ‘इतक्या दिवसांत परत घेऊ’ असं लिहून घ्या आणि वाढदिवस त्या मुदतीच्या आत येईल अशा बेताने खरेदी करा. पाकिटासोबत बिलही सासऱ्यांच्या हाती द्या. किंमत दिसेल म्हणून संकोच वाटेल, पण त्यांना ते तिकीट दिव्यासमोर धरायचंच आहे, आणि त्यांना काही खटकलं तर परत करण्याचा रस्ता त्या बिलातच आहे.