ऑडिट निरीक्षणातलं ‘कारण’ कसं शोधायचं आणि कसं लिहायचं?

प्रश्न: बेळगावात उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत इंटर्नल ऑडिटला नवीन लागलोय. निकष, कारण, परिणाम, शिफारस असं सगळं लिहूनही साहेब रिपोर्ट परत पाठवतात, ‘कारण नीट नाही’ म्हणतात. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

तुमची शिफारस काढून बघा. ‘काटा पावती जोडलेली नव्हती’ असं निरीक्षण आणि ‘काटा पावती जोडावी’ अशी शिफारस असेल, तर मधलं कारण तुम्हाला सापडलेलंच नाही. अशा वेळी कारणाच्या रकान्यात हमखास ‘कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा’ लिहिलेलं असतं, आणि साहेबांचा आक्षेप बहुधा तिथंच असतो.

फाउंड्रीतलंच उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोपे धरलेत. भंगार खरेदीच्या ४० गाड्या तपासल्या. त्यातल्या ११ गाड्यांच्या जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, आपल्या काट्याचं वजन नाही, पुरवठादाराच्या बिलातलं वजन जसंच्या तसं उतरवलंय. ही झाली वस्तुस्थिती. तुम्ही दिलेल्या यादीत हा रकाना नाही, पण तो वेगळा हवा. इंटर्नल ऑडिटचे नवे जागतिक मानदंड ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, त्यांतही निकष, स्थिती, मूळ कारण आणि परिणाम हे वेगवेगळेच मांडलेत.

निकष म्हणून ‘चांगली पद्धत अशी असते’ असं लिहू नका, स्टोअरवाले तिथंच वाद घालतील. खरेदी ऑर्डरमधलं कलमच उतरवा: ‘आमच्या काट्याचं वजन अंतिम, अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक मान्य.’ काट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्का चालू वर्षाचा आहे ना, तेही आधी बघून घ्या. तो संपला असेल तर तुमचा निकषच लंगडा पडतो.

आता कारण. ते टेबलावर बसून मिळत नाही. त्या ११ गाड्यांची गेट एन्ट्रीची वेळ काढा. समजा, सगळ्या संध्याकाळी सातनंतरच्या निघाल्या. कोल्हापूरकडून भरलेली गाडी तवंदी घाट ओलांडून इथं पोचेपर्यंत रात्र होते, आणि काटा ऑपरेटर सहाला घरी गेलेला असतो. गाडी सकाळपर्यंत थांबवली तर हॉल्टिंग लागतं, म्हणून माल तसाच उतरवतात. गेटवरचा माणूस कन्नड बोलत असेल तर त्याच्याशी कन्नडमध्येच बोला, हे सगळं तो दोन मिनिटांत सांगेल. पण इथं थांबू नका, ‘मग जीआरएन सेव्ह कसा झाला?’ हेही विचारा. सॉफ्टवेअरमध्ये काटा पावती नंबरचा रकाना रिकामा ठेवला तरी नोंद होते. म्हणजे कारणं दोन: रात्री काट्यावर माणूस नाही, आणि सॉफ्टवेअर अडवत नाही. यात स्टोअरकीपरचा निष्काळजीपणा कुठंच नाही. त्याच्या नावावर तो लिहिणं अन्यायाचं आहे.

परिणामाचा आकडा जपून काढा. वजन झालेल्या २९ गाड्यांत, १२ टनांच्या बिलामागे सरासरी १२० किलो कमी भरले असं धरू. मग ११ गाड्यांचे १,३२० किलो, ३८ रुपये दरानं ५०,१६० रुपये, असं लिहायचा मोह होतो. पण अर्धा टक्का, म्हणजे गाडीमागे ६० किलो फरक ऑर्डरनंच मान्य केलाय. म्हणून हिशेबात धरायचे ६६० किलो, २५,०८० रुपये. तेही ‘संभाव्य जादा रक्कम’ म्हणून लिहा, ‘नुकसान’ म्हणून नाही, कारण त्या ११ गाड्या कुणी तोललेल्याच नाहीत.

पैशापेक्षा मोठा परिणाम भट्टीवर दिसतो. न आलेलं वजन स्टॉकात चढतं, मग वितळवताना ते ‘मेल्टिंग लॉस’ म्हणून बाहेर पडतं आणि बोलणी भट्टीवरच्या माणसांना खावी लागतात. हे एक वाक्य रिपोर्टमध्ये जरूर घाला. वर्क्स मॅनेजर तेच पहिल्यांदा वाचतील.

शिफारस आता आपोआप सुचते, प्रत्येक कारणाला एक:

> काटा पावती नंबराशिवाय जीआरएन सेव्ह होऊ नये. अपवादाला वर्क्स मॅनेजरची मंजुरी लागावी. (जबाबदारी: आयटी, ३० दिवस)
>
> रात्री दहापर्यंत काटा चालू ठेवावा किंवा सातनंतरची गाडी सकाळी तोलूनच उतरवावी. (जबाबदारी: स्टोअर प्रमुख, १५ दिवस)

दुसऱ्या शिफारशीत पर्याय मुद्दाम दिलाय. ऑपरेटरचा ओव्हरटाइम स्वस्त की हॉल्टिंग, हा हिशेब स्टोअरनं करायचा, निर्णय त्यांचा. त्यांचं उत्तर पटलं नाही तरी त्यांच्याच शब्दांत खाली छापा. मुदत संपल्यावर ‘अंमलबजावणी झाली’ हा ईमेल पुरावा धरू नका. त्यांच्या कॉम्प्युटरवर बसून काटा नंबर रिकामा ठेवून जीआरएन सेव्ह करायला सांगा. सेव्ह झाला तर मुद्दा उघडाच ठेवा.